क्यूआर, कार्ड की रोख? दोन टक्क्यांचं कार्ड मशीन सलूनला साडेपाच टक्क्यांना कसं पडतं?

दाढी-कटिंग झाली, अंगावरचा कपडा झटकून झाला आणि गिऱ्हाइकाने विचारलं, "कार्ड चालेल का?"

तीन खुर्च्यांच्या सलूनमध्ये याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "नाही हो, कार्डवाले दोन टक्के कापतात. तो समोर क्यूआर आहे, त्यावर करा."

हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. क्यूआरवर बँक खात्यातून आलेल्या पैशावर सलूनवाल्याला खरंच शुल्क लागत नाही. कार्डवर ते लागतं, हेही खरं. पण लहान सलूनचे जास्त पैसे या टक्केवारीत जात नाहीत. ते जातात मशीनच्या भाड्यात. महिन्यात मशीनवर एक बिल झालं काय किंवा शंभर झाली काय, भाडं तेवढंच कापलं जातं.

म्हणून 'कार्ड ठेवावं का' या प्रश्नाचं उत्तर टक्केवारी बघून मिळत नाही. महिन्याचा पूर्ण हिशेब मांडावा लागतो. तो कसा मांडायचा, ते समजून घेऊ.

एमडीआर म्हणजे काय?

गिऱ्हाईक कार्डने हजार रुपये देतं, तेव्हा सलूनच्या खात्यात हजार रुपये जमा होत नाहीत. त्यातून एक छोटा हिस्सा आधीच कापला जातो. त्याला एमडीआर म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट म्हणतात. हा हिस्सा तिघांत वाटला जातो. सर्वात मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो. थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रूपे यांसारख्या नेटवर्कचा आणि उरलेला सलूनला मशीन देणाऱ्या बँकेचा किंवा कंपनीचा.

हा दर प्रत्येक पर्यायाला वेगळा आहे आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

बँक खात्यातून होणारं यूपीआय पेमेंट आणि रूपे डेबिट कार्ड यांच्यावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. मोठ्या रकमेच्या यूपीआयवर शुल्क लागणार, अशा बातम्या अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. जून २०२५ मध्ये त्या इतक्या पसरल्या की अर्थ मंत्रालयाला त्या खोट्या असल्याचं जाहीर करावं लागलं.

व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या डेबिट कार्डवर शुल्क आहे, पण त्याला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकानुसार मागच्या आर्थिक वर्षात २० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून मशीनवरच्या डेबिट कार्ड व्यवहारासाठी जास्तीत जास्त ०.४० टक्के घेता येतात. म्हणजे ५०० रुपयांच्या बिलावर दोन रुपये. त्यामुळे 'कार्डवर दोन टक्के' हे वाक्य डेबिट कार्डाला लागू होत नाही. मशीन विकायला आलेला प्रतिनिधी सगळ्या कार्डांना मिळून एकच दर सांगत असेल, तर डेबिटचा दर वेगळा लिहून मागायला हवा.

क्रेडिट कार्डावर अशी मर्यादा नाही. तिथे दर करारावर ठरतो आणि लहान दुकानदाराला तो साधारण दोन टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. कंपन्यांची कार्डं, परदेशी कार्डं आणि महागड्या प्रकारातली कार्डं यांचा दर त्याहून जास्त असू शकतो. करारात तो वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो आणि ती ओळ सही करताना सहसा कुणी वाचत नाही.

क्यूआरवरचं क्रेडिट कार्ड

२०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआय अ‍ॅपला जोडता येतं. गिऱ्हाईक नेहमीसारखा क्यूआर स्कॅन करतं, पिन टाकतं, पण पैसे त्याच्या बचत खात्यातून न जाता क्रेडिट कार्डातून जातात. व्हिसा आणि मास्टरकार्डची क्रेडिट कार्डं अशी यूपीआयला जोडता येत नाहीत.

लहान दुकानदारासाठी अशा पेमेंटवर २,००० रुपयांपर्यंत एमडीआर नाही. २,००० च्या वर मात्र क्रेडिट कार्डासारखंच शुल्क लागतं. कटिंग, दाढी, आयब्रो, वॅक्सिंग, साधं फेशियल ही सगळी बिलं या मर्यादेच्या आत बसतात. केरॅटिन, स्मूदनिंग किंवा पूर्ण हेअर कलरचं बिल ती ओलांडतं. ३,५०० रुपये क्यूआरवर आले आणि खात्यात थोडे कमी जमा झाले, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. सलूनवाल्याला मात्र वाटतं की यूपीआयवरही शुल्क सुरू झालं.

इथे एक अट आहे. क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. अनेक सलूनमध्ये मालकाच्या वैयक्तिक यूपीआय खात्याचा क्यूआर छापून आरशाला चिकटवलेला असतो. तो चालतो, पैसे लगेच खात्यात येतात आणि शुल्कही नसतं. पण त्यावर क्रेडिट कार्डातून पैसे देता येत नाहीत, गिऱ्हाइकाच्या अ‍ॅपमध्ये तो पर्यायच बंद दिसतो.

आपला क्यूआर कोणता, हे ओळखायचं असेल तर फोनमधल्या साध्या स्कॅनरने तो वाचून बघता येतो. पेमेंट अ‍ॅपने नाही, नुसता मजकूर दाखवणाऱ्या स्कॅनरने. मग साधारण असं काहीतरी दिसतं:

```
upi://pay?pa=salon@bank&pn=Salon&mc=7230&cu=INR
```

यातला `mc` हा व्यवसायाचा संकेतांक असतो. `7230` हा केशकर्तनालयं आणि ब्युटी पार्लर यांचा संकेतांक आहे. तिथे `0000` असेल किंवा `mc` दिसतच नसेल, तर क्यूआर वैयक्तिक खात्याचा असण्याची शक्यता जास्त. रूपे क्रेडिट कार्ड असलेल्या एखाद्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला दहा रुपये पाठवायला सांगणं ही त्याहून खात्रीची चाचणी.

एका सलूनचा महिन्याचा हिशेब

समजा, नाशिकमध्ये एका जोडप्याचं तीन खुर्च्यांचं सलून आहे. सोबत दोन कारागीर. महिन्याला १,२०,००० रुपयांचा धंदा होतो. जीएसटी नोंदणी नाही. सलूनमध्ये बोलणारा साऊंडबॉक्स आहे आणि एक कार्ड मशीन आहे. साऊंडबॉक्सचं भाडं महिना १०० रुपये आणि मशीनचं ४०० रुपये धरू. क्रेडिट कार्डाचा दर २ टक्के. हे आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत, आपल्या करारातले आकडे टाकून हाच हिशेब कुणालाही करता येईल.

१,२०,००० पैकी ३०,००० रोख आले. ७२,००० रुपये क्यूआरवर थेट बँक खात्यांतून आले. ६,००० क्यूआरवर रूपे क्रेडिट कार्डातून आले. मशीनवर डेबिट कार्डाने ४,००० आणि क्रेडिट कार्डाने ८,००० आले.

आधी क्यूआर. ७२,००० वर शुल्क शून्य. रूपे क्रेडिट कार्डाच्या ६,००० मध्ये २,५०० रुपयांची छोटी बिलं होती, त्यांवरही शून्य. एक ३,५०० रुपयांचं केरॅटिन होतं, त्यावर २ टक्के म्हणजे ७० रुपये आणि त्या ७० वर १८ टक्के जीएसटी १२.६० रुपये. एकूण ८२.६० रुपये. साऊंडबॉक्सचं भाडं जीएसटीसह ११८ रुपये.

मग मशीन. डेबिटच्या ४,००० वर ०.४० टक्क्यांनी १६ रुपये. क्रेडिटच्या ८,००० वर २ टक्क्यांनी १६० रुपये. यात ३,००० आणि २,५०० रुपयांची दोन मोठी बिलं होती, त्यांच्या ११० रुपये शुल्कावर जीएसटी १९.८० रुपये. बाकीच्या बिलांच्या शुल्कावर जीएसटी नाही, कारण २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहाराच्या शुल्काला जीएसटीतून सूट आहे. ही सूट जीएसटी लागू झाला तेव्हापासून म्हणजे जुलै २०१७ पासून आहे. छोट्या बिलांच्या शुल्कावरही जीएसटी कापलेला दिसला तर विचारायला हवं. मशीनच्या भाड्याला मात्र सूट नाही, ते जीएसटीसह ४७२ रुपये.

सगळं मिळून महिन्याला ८६८.४० रुपये गेले. १,२०,००० च्या धंद्यात हे पाऊण टक्क्याहूनही कमी आहेत. इथवर सगळं ठीक वाटतं.

पण यातला मशीनचा भाग वेगळा काढून बघा. शुल्क १९५.८० आणि भाडं ४७२, मिळून ६६७.८० रुपये. आणि मशीनवर आले किती? १२,०००. म्हणजे दोन टक्के म्हणून घेतलेलं मशीन प्रत्यक्षात साडेपाच टक्क्यांहून जास्त पडलं. वर्षाला हे आठ हजार रुपये होतात आणि त्यातले साडेपाच हजारांहून जास्त नुसतं भाडं आहे.

याच मशीनवर महिन्याला ४०,००० रुपये आले असते, बिलांचं प्रमाणही असंच राहिलं असतं, तर खर्च तीन टक्क्यांच्या आत आला असता. मशीन तेच, करार तोच. त्यामुळे शेजारच्या मोठ्या पार्लरला परवडलेलं मशीन आपल्यालाही परवडेलच, असं नसतं.

मग मशीन परत करायचं का?

इतक्यात नाही. साडेपाच टक्के हा आकडा फक्त खर्च सांगतो. मशीन नसतं तर काय झालं असतं, हे त्यातून कळत नाही.

डेबिट कार्ड देणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांकडे यूपीआयही असतं. मशीन नसतं तर ते क्यूआरकडे वळले असते. तिथे सलूनचं काहीच बुडत नाही. क्रेडिट कार्डवाल्यांपैकीही बरेचजण कुरकुर करत क्यूआरवर पैसे देतात. प्रश्न उरतो तो अशा गिऱ्हाइकांचा, ज्यांना महिनाअखेरीला केरॅटिन करायचंय, खात्यात पैसे नाहीत, पण कार्डावर आहेत. किंवा ज्यांना कार्डाचे पॉइंट हवेत. 'कार्ड चालत नाही' म्हटल्यावर ते दुसऱ्या सलूनमध्ये जातात.

समजा, जादा आलेल्या कामातून साहित्य आणि कारागिराचा वाटा वजा करून सलूनला शंभरातले ६० रुपये उरतात. खुर्ची एरवी रिकामीच राहणार होती, भाडं आणि वीज तेवढीच, म्हणून उरणारा वाटा मोठा धरला आहे. मशीनचा महिन्याचा खर्च ६६८ रुपये भरून निघायला साधारण १,१०० रुपयांचं असं काम लागेल, जे मशीन नसतं तर हातातून गेलंच असतं.

म्हणजे महिन्याला हेअर कलरचं एखादंच गिऱ्हाईक. तेवढं मशीनमुळे टिकत असेल तर मशीन ठेवावं. महिन्यात असं एकही गिऱ्हाईक येत नसेल, तर भाडं फुकट जातंय.

हे मोजणं कठीण नाही. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी गल्ल्याजवळ एक वही ठेवावी. कार्ड चालत नाही म्हणून कुणी काम रद्द केलं किंवा मोठं काम सोडून छोटं करून घेतलं, की तारीख आणि अंदाजे रक्कम लिहायची. क्यूआरवर पैसे देऊन गेले त्यांची नोंद करायची नाही, ते गमावलेले नाहीत. महिनाभराने बेरीज हजार-बाराशेच्या खाली असेल तर विषय संपला. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी उलट करावं. कार्ड पुढे करणाऱ्या प्रत्येकाला आधी "यूपीआय जमेल का?" असं सहज विचारायचं आणि नाही म्हणणाऱ्यांचीच बिलं लिहून ठेवायची. लग्नसराईतला महिना यासाठी घेऊ नये, त्यात सगळेच आकडे फुगतात.

मधला मार्गही आहे. काही साऊंडबॉक्सवर आता कार्ड टेकवून पैसे देता येतात, ५,००० रुपयांपर्यंत पिनही लागत नाही. अशा एका यंत्राचं भाडं दोन वेगळ्या यंत्रांच्या भाड्यापेक्षा कमी बसत असेल तर ते बघण्यासारखं आहे. आपल्या नाशिकच्या सलूनचं भाडं दरमहा जीएसटीसह ५९० रुपये होतं. त्याच्याशी तुलना करायची, टक्केवारीशी नाही.

कार्डवाल्याकडून जास्त पैसे घेता येतील का?

'कार्डवर दोन टक्के एक्स्ट्रा' अशी पाटी काही ठिकाणी दिसते. डेबिट कार्डाबाबत हे चालत नाही. दुकानदाराने एमडीआर गिऱ्हाइकाकडून वसूल करू नये, याची खबरदारी घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. क्रेडिट कार्डाबाबत मशीन देणाऱ्याचा करार वाचावा, त्यात सहसा अशी वसुली करायला मनाई असते आणि तक्रार झाली तर मशीन काढून घेतलं जाऊ शकतं. शिवाय ८०० रुपयांच्या बिलावर १६ रुपयांसाठी नेहमीच्या गिऱ्हाइकाशी वाद घालणं कुणालाच परवडत नाही.

रोख खरंच फुकट आहे का?

रोख पैशावर एमडीआर नाही. पण ३०,००० रुपये रोख बँकेत भरायला जायचं तर कुणाचा तरी तास-दोन तासांचा वेळ जातो आणि चालू खात्यात ठरावीक मर्यादेनंतर रोख भरण्यावर बँका शुल्क घेतात. मात्र सलूनमध्ये ही अडचण फारशी येत नाही, कारण बरीचशी रोख बँकेपर्यंत पोहोचतच नाही. कारागिराची उचल, चहा, लाँड्रीवाला, ब्लेडची पाकिटं हे सगळं गल्ल्यातूनच जातं. एवढ्यापुरती रोख सोयीची आहे.

रोखीचा खरा त्रास हिशेबात आहे. गल्ल्यातून घेतलेले दीडशे रुपये संध्याकाळी कुणालाच आठवत नाहीत. क्यूआरमध्ये हा त्रास जात नाही, फक्त त्याचं रूप बदलतं. ३५० रुपयांच्या बिलावर गिऱ्हाईक ४०० पाठवतं आणि "वरचे पन्नास दादांना द्या" म्हणतं. ते पन्नास मालकाच्या खात्यात जातात. रात्री हिशेब जुळत नाही किंवा कारागिराला त्याची टिप मिळत नाही. दुसऱ्या टोकाला, गर्दीच्या रविवारी कारागीर स्वतःच्या फोनवरचा क्यूआर पुढे करतो आणि पूर्ण बिल त्याच्या खात्यात जातं. दोन्हींवर एकच साधा उपाय बऱ्याच ठिकाणी दिसतो. बिल सलूनच्या क्यूआरवर, टिप रोख किंवा कारागिराच्या स्वतःच्या क्यूआरवर, आणि हे आरशाजवळ लिहून ठेवलेलं.

क्यूआर लावला की जीएसटीची नोटीस येते?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकडेवारीवरून अनेक छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बंगळुरूतल्या काही दुकानांनी क्यूआर उतरवून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. त्याचे व्हिडिओ महाराष्ट्रातही फिरले आणि अनेकांना प्रश्न पडला की आपणही क्यूआर काढावा का?

नियम असा आहे की सेवा देणाऱ्या व्यवसायाची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी करावी लागते. सलून ही सेवा आहे. ४० लाखांची जी मर्यादा ऐकायला मिळते, ती फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी. या २० लाखांत रोख, क्यूआर, कार्ड सगळं मोजलं जातं. म्हणजे क्यूआर काढल्याने देणं बदलत नाही, फक्त नोंद दिसेनाशी होते. महिन्याला सरासरी १ लाख ६६ हजारांच्या आत असलेलं सलून मर्यादेत आहे. आपलं उदाहरणातलं सलून वर्षाला १४ लाख ४० हजारांवर आहे.

अडचण होते ती घरगुती पैसे त्याच खात्यात आल्यावर. भावाने पाठवलेले पैसे, भिशीची रक्कम, गाडी विकून आलेले पैसे हे सगळं सलूनच्या क्यूआरच्या खात्यात जमा झालं, तर बाहेरून बघणाऱ्याला ते सगळं धंद्याचं दिसतं. सलूनसाठी वेगळं खातं ठेवलं की हा घोळ होत नाही.

नोंदणी असलेल्या सलूनसाठी आणखी एक बदल झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्यासोबत इनपुट टॅक्स क्रेडिट गेलं. आधी मशीनच्या भाड्यावर भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा करता यायचा. आता तो पूर्णपणे खर्चच आहे. म्हणून भाडं ४०० असं सांगितलं जातं तेव्हा मनात ४७२ धरायचे.

खात्यात कमी पैसे आले तर काय बघायचं?

कार्ड मशीनचे पैसे सहसा दुसऱ्या कामाच्या दिवशी येतात आणि ते शुल्क कापून येतात. ३,००० रुपयांच्या क्रेडिट कार्ड बिलातून ६० रुपये शुल्क आणि १०.८० जीएसटी जाऊन २,९२९.२० जमा होतात. पासबुकात दिवसाची एकच रक्कम दिसते, त्यामुळे ती कोणत्या बिलांची आहे ते कळत नाही. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये सेटलमेंट रिपोर्ट असतो. त्यात प्रत्येक व्यवहाराची मूळ रक्कम, शुल्क, जीएसटी आणि जमा रक्कम वेगवेगळी दिसते. महिन्यातून एकदा तीन-चार बिलं घेऊन शुल्काला मूळ रकमेने भागावं. करारात २ टक्के आहेत आणि भागाकार २.४ येतोय, किंवा डेबिट कार्डावर ०.४० च्या वर काही दिसतंय, तर लेखी तक्रार करता येते.

कधीकधी कपात शुल्काची नसतेच. यूपीआयवर शुल्क नसल्याने या कंपन्या भाड्यावर आणि दुकानदारांना दिलेल्या कर्जांवर कमावतात. अ‍ॅपवर एका क्लिकमध्ये घेतलेल्या कर्जाचा हप्ता रोजच्या जमा रकमेतून कापला जातो. घरातल्या दुसऱ्याने ते कर्ज घेतलं असेल, तर हिशेब ठेवणाऱ्याला ते शुल्कच वाटतं.

गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले आणि साऊंडबॉक्स बोललाच नाही, असंही होतं. अशा वेळी त्याचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नये, बनावट अ‍ॅपवर हुबेहूब हिरवी टिक दाखवता येते. स्वतःच्या अ‍ॅपमधली यादी बघावी. तिथे रक्कम नसेल तर पैसे आलेले नाहीत. व्यवहार खरा असून अडकला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला केलेलं असं यूपीआय पेमेंट पाच दिवसांत गिऱ्हाइकाच्या खात्यात परत यायला हवं, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. नेहमीचं गिऱ्हाईक असेल तर हे सांगून फोन नंबर घेऊन जाऊ द्यावं, अनोळखी असेल तर रोख मागावी.

आणि मशीन किंवा साऊंडबॉक्स परत केलं, तरी भाडं आपोआप थांबेलच असं नाही. ते अनेकदा यूपीआय ऑटोपेवर असतं. यंत्र परत दिल्याची पावती घ्यायची, मग आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट या भागात जाऊन त्या कंपनीच्या नावाची परवानगी स्वतः रद्द करायची. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खातं एकदा तपासलं की कपात खरंच थांबली का ते कळतं.